सोन्याचा 'सप्टेंबर': मासिक परताव्यातील हंगामीपणा कसा मोजतात आणि तो का टिकत नाही – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोन्याच्या भावाला ठरावीक महिन्यांत वाढण्याची सवय आहे, असा समज जुना आहे. त्या समजाची तपासणी कशी होते, हे खालील प्रश्नोत्तरांत जवळजवळ एकाच महिन्याच्या आधारे मांडले आहे. तो महिना म्हणजे सप्टेंबर. त्याची निवड करण्याचे कारण असे, की एकेकाळी या महिन्याचा लौकिक सर्वांत चांगला होता आणि नंतर तोच सर्वांत वाईट ठरला. आकडे लंडनच्या दुपारच्या अधिकृत डॉलर भावावरून काढलेले असून ते जवळच्या दशांशापर्यंत दिले आहेत.

'मासिक परतावा' म्हणजे नेमके काय मोजायचे?

महिन्याच्या शेवटच्या व्यवहार-दिवसाचा भाव घ्यावा, आधीच्या महिन्याच्या शेवटच्या भावाने त्याला भागावे आणि त्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम काढावा किंवा साधी टक्केवारी काढावी.

```
r = ln(P_t / P_(t-1))
```

मासिक बदल लहान असतात तेव्हा दोन्ही पद्धतींचे उत्तर जवळपास सारखेच येते, त्यामुळे या निवडीवर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. खरा फरक पडतो तो महिनाअखेरचा भाव घेतला की महिन्याचा सरासरी भाव घेतला यावरून, आणि नेमकी हीच चूक सर्रास होते.

सरासरी भाव घेतला तर काय बिघडते?

जागतिक बँकेच्या 'पिंक शीट' या लोकप्रिय तक्त्यातील सोन्याचे मासिक भाव हे महिनाभराच्या भावांची सरासरी असतात. ऑगस्टची सरासरी साधारणपणे ऑगस्टच्या मध्यावरची आणि सप्टेंबरची सरासरी सप्टेंबरच्या मध्यावरची परिस्थिती सांगते. त्यामुळे त्या दोघांमधला फरक 'सप्टेंबरचा परतावा' म्हणून लिहिला, तरी त्यातला निम्मा भाग प्रत्यक्षात ऑगस्टमधल्या हालचालीचा असतो.

2011 सालचे उदाहरण घ्यावे. ऑगस्टअखेर सोने 1,813.50 डॉलरवर होते आणि सप्टेंबरअखेर 1,620 डॉलरवर आले, म्हणजे जवळपास 10.7 टक्क्यांची घसरण झाली. मात्र त्याच वर्षीची ऑगस्टची सरासरी सुमारे 1,756 डॉलर आणि सप्टेंबरची सरासरी सुमारे 1,772 डॉलर होती, म्हणजे या हिशेबाने सप्टेंबरमध्ये किंचित वाढच दिसते. महिना तोच आणि धातूही तोच असूनही चिन्ह उलटे आले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भावाने उच्चांक गाठला होता आणि पडझड महिन्याच्या उत्तरार्धात झाली, म्हणून सरासरीने ती बरीचशी पुढच्या महिन्याच्या खात्यावर ढकलली.

याशिवाय हॉलब्रुक वर्किंग या अर्थशास्त्रज्ञाने 1960 मध्ये दाखवून दिले होते, की मूळ भाव पूर्णपणे यादृच्छिक असला तरी त्याच्या सरासऱ्यांमधील लागोपाठच्या फरकांत सुमारे 0.25 इतका सहसंबंध आपोआप निर्माण होतो. जो 'कल' बाजारात कधी नव्हताच, तो केवळ सरासरी काढल्यामुळे तक्त्यात उगवतो. म्हणून हंगामी तक्ता कोणाचाही असो, पहिला प्रश्न हाच विचारावा की भाव महिनाअखेरचा आहे की सरासरीचा.

आकडे कोणत्या वर्षापासून घ्यावेत?

15 ऑगस्ट 1971 रोजी अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले. त्याआधी अधिकृत भाव औंसाला 35 डॉलरवर बांधलेला होता, आणि बांधलेल्या भावात हंगाम शोधणे निरर्थक आहे. अमेरिकी नागरिकांना सोने बाळगण्याची मुभा 1974 च्या अखेरीस मिळाली, म्हणून काही अभ्यासक 1975 पासून सुरुवात करतात.

1980 हे वर्षही सुरुवातीसाठी वरचेवर निवडले जाते, पण ते जरा निसरडे आहे. त्या जानेवारीत भाव 850 डॉलरच्या उच्चांकाला जाऊन आला आणि महिन्याचा निव्वळ परतावा सुमारे 25 टक्के राहिला. 1980 ते 2010 अशा एकतीस वर्षांच्या नमुन्यात असा एकच जानेवारी त्या महिन्याची सरासरी जवळजवळ 0.8 टक्क्याने उचलतो. सुरुवात 1980 ऐवजी 1981 पासून केली, की 'जानेवारीचा परिणाम' बराचसा ओसरतो. प्रारंभवर्ष एका वर्षाने हलवल्यावर जो निष्कर्ष हलतो, त्याला हंगाम म्हणणे धाडसाचे आहे.

एखादा महिना 'वेगळा' आहे हे कसे ठरवतात?

त्या महिन्याचे सर्व वर्षांतील परतावे एकत्र करून त्यांची सरासरी काढतात, आणि त्या सरासरीला तिच्या प्रमाण त्रुटीने भागतात. प्रमाण त्रुटी म्हणजे परताव्यांची विखुरणी दाखवणारे प्रमाण विचलन भागिले वर्षांच्या संख्येचे वर्गमूळ. या भागाकाराला टी-मूल्य म्हणतात, आणि ते साधारण 2 च्या पुढे गेले की 'पाच टक्के पातळीवर लक्षणीय' असा शिक्का बसतो.

इथे तुलना कशाशी करायची हे आधी ठरवावे लागते. सरासरीची तुलना शून्याशी केली, तर दीर्घ तेजीच्या काळात बरेच महिने चांगले दिसतील, कारण ती तेजी त्या सर्वांत वाटली गेलेली असते. 2001 ते 2012 या काळात सोने दरवर्षी वाढत्या भावावर बंद झाले; त्या बारा वर्षांतून काढलेला 'चांगला महिना' अनेकदा केवळ चांगल्या दशकाचा हिस्सा असतो. म्हणून महिन्याची तुलना त्याच वर्षाच्या इतर महिन्यांशी करावी, म्हणजे प्रत्येक परताव्यातून त्या वर्षाची मासिक सरासरी वजा करून मग चाचणी घ्यावी.

सप्टेंबरचा लौकिक कुठून आला?

डर्क बाऊर यांनी 2013 मध्ये प्रकाशित केलेल्या अभ्यासात 1980 ते 2010 या काळातील मासिक परतावे तपासले. बारा महिन्यांपैकी फक्त सप्टेंबर आणि नोव्हेंबर हे दोनच महिने धन आणि सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय ठरले, आणि त्यांनी याला शरद ऋतूचा परिणाम असे नाव दिले. कारणे म्हणून त्यांनी तीन गोष्टी पुढे केल्या: शेअर बाजाराच्या हंगामी चालीचा अंदाज घेऊन गुंतवणूकदार करत असलेली संरक्षणात्मक खरेदी, भारतातील लग्नसराईच्या दागिन्यांची मागणी आणि दिवस लहान झाल्यामुळे गुंतवणूकदारांच्या मनःस्थितीत येणारी उदासी.

अभ्यास काळजीपूर्वक केलेला होता आणि त्यात लपवाछपवी काही नव्हती. म्हणूनच तो उदाहरण म्हणून उपयोगी आहे, कारण इथे जे पुढे घडले त्याचा दोष निष्काळजीपणावर ढकलता येत नाही.

त्या नमुन्यात एखादी मोठी घटना होती का?

होती. 1999 च्या ऑगस्टअखेर सोने 255 डॉलरच्या आसपास, म्हणजे वीस वर्षांच्या नीचांकाजवळ रेंगाळत होते. 26 सप्टेंबर 1999 रोजी पंधरा युरोपीय मध्यवर्ती बँकांनी वॉशिंग्टन येथे करार जाहीर करून पुढील पाच वर्षे सोन्याची विक्री वर्षाला सुमारे 400 टनांवर मर्यादित ठेवण्याचे मान्य केले. भाव उसळला आणि महिना 299 डॉलरवर संपला, म्हणजे सप्टेंबरचा परतावा सुमारे 17 टक्के झाला.

एकतीस सप्टेंबरांच्या सरासरीत या एकट्या सप्टेंबरचा वाटा अर्ध्या टक्क्याहून अधिक आहे. ही घोषणा सप्टेंबरमध्ये झाली, कारण आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची वार्षिक सभा त्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये भरत होती. लग्नसराई, मनःस्थिती किंवा शेअर बाजार यांपैकी कशाशीही तिचा संबंध नव्हता. तो महिना काढून टाकावा असे मी म्हणत नाही, कारण गैरसोयीचे आकडे वगळण्याची सवय त्याहून वाईट आहे. पण तो ठेवून एकदा आणि वगळून एकदा असे दोन्ही हिशेब छापावेत, आणि सरासरीबरोबर मध्यकही द्यावा. सरासरी चांगली आणि मध्यक सामान्य असेल, तर सगळे काम एखाद्या घटनेने केले असल्याची शक्यता मोठी असते.

2010 नंतर काय झाले?

अभ्यासाचा काळ संपल्यानंतरची वर्षे ही खरी परीक्षा असते, कारण ते आकडे गृहीतक मांडताना कोणाच्याही समोर नव्हते. सप्टेंबरचे परतावे असे आले:

| वर्ष | परतावा (%) | वर्ष | परतावा (%) |
|---|---|---|---|
| 2011 | −10.7 | 2018 | −1.3 |
| 2012 | +7.7 | 2019 | −2.8 |
| 2013 | −4.9 | 2020 | −3.6 |
| 2014 | −5.4 | 2021 | −4.0 |
| 2015 | −1.9 | 2022 | −2.6 |
| 2016 | +1.0 | 2023 | −3.7 |
| 2017 | −2.2 | | |

तेरापैकी अकरा सप्टेंबर घसरणीचे, त्यांतले शेवटचे सात सलग. सरासरी सुमारे उणे 2.6 टक्के, प्रमाण विचलन सुमारे 4.1 टक्के, म्हणून प्रमाण त्रुटी 4.1 भागिले √13, म्हणजे अंदाजे 1.15 टक्के. टी-मूल्य उणे 2.3 च्या घरात येते. थोडक्यात, ज्या महिन्याने आधी वाढीची लक्षणीयता मिळवली होती, त्याच महिन्याने नंतर घसरणीची लक्षणीयता मिळवली. नोव्हेंबरनेही निराशाच केली: 2013, 2015 आणि 2016 या तिन्ही नोव्हेंबरांत सोने पाच टक्क्यांहून अधिक खाली आले.

मग सप्टेंबर हा सोन्यासाठी वाईट महिना आहे, असे म्हणता येईल का?

2023 च्या अखेरीस नेमके हेच म्हटले जाऊ लागले होते. त्यानंतर सप्टेंबर 2024 मध्ये सोने सुमारे 4.6 टक्के वाढले, आणि सप्टेंबर 2025 मध्ये ते 3,429 डॉलरवरून 3,825 डॉलरवर, म्हणजे सुमारे 11.5 टक्के वर गेले. हे दोन आकडे वरच्या तक्त्यात जोडले, की पंधरा वर्षांची सरासरी उणे 1.2 टक्क्यांवर येते, प्रमाण विचलन साडेपाच टक्क्यांपर्यंत वाढते आणि टी-मूल्य उणे 0.9 च्या आसपास घसरते. तेरा वर्षांचा 'लक्षणीय' परिणाम दोन वर्षांत विरघळला.

एक कबुली इथेच द्यायला हवी. वरचा तक्ता मी 2023 ला थांबवला, तो परिणाम सर्वांत ठसठशीत दिसावा म्हणून. 2025 पर्यंत नेला असता तर त्यातून काहीच निघाले नसते. असे सोयीचे टोक निवडणे किती सोपे आहे आणि त्यानंतरचा तक्ता किती प्रामाणिक दिसतो, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

तेरापैकी अकरा वर्षे घसरण हा योगायोग कसा असू शकतो?

नाणे तेरा वेळा उडवले तर किमान अकरा वेळा छाप पडण्याची शक्यता सुमारे 1.1 टक्के असते. हे ऐकून कोणीही थबकेल. पण आपण एकच महिना पाहिलेला नसतो. आपण बाराही महिने पाहिलेले असतात आणि वाढ किंवा घसरण यांपैकी कोणतीही दिशा आपल्याला चालली असती. दोन्ही दिशा धरल्या तर शक्यता सुमारे 2.2 टक्के होते, आणि बारा महिन्यांपैकी किमान एका महिन्यात असे घडण्याची शक्यता 24 टक्क्यांच्या आसपास पोहोचते. म्हणजे भावात कसलाही हंगाम नसतानाही चारातल्या एका वेळी असा एखादा महिना सापडणारच.

टी-मूल्याचेही असेच आहे. एका चाचणीत पाच टक्के चुकीची मुभा असेल, तर बारा चाचण्यांत किमान एक खोटा 'लक्षणीय' महिना मिळण्याची शक्यता 46 टक्के होते. यावरचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे पाच टक्क्यांना बाराने भागणे. तसे केले तर एकतीस वर्षांच्या नमुन्यात टी-मूल्य 2 ऐवजी सुमारे 3.1 लागते. शिवाय कोणी भाव डॉलरऐवजी दुसऱ्या चलनात पाहिला असेल, महिन्यांऐवजी आठवडे पाहिले असतील किंवा वेगवेगळी प्रारंभवर्षे चाळली असतील, तर ते सर्व प्रयत्नही या भागाकारात मोजायला हवेत. ते सहसा कोणी मोजत नाही, कारण फसलेले प्रयत्न लिहून ठेवण्याची पद्धतच नाही.

सूत्रांवर विसंबायचे नसेल तर दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि माझ्या मते तो अधिक पटणारा आहे. प्रत्येक वर्षाचे बारा परतावे त्या वर्षातल्या वर्षातच यदृच्छेने पिसावेत, म्हणजे वर्षाची तेजी-मंदी तशीच राहते पण महिन्याची ओळख पुसली जाते. अशा प्रत्येक बनावट इतिहासात बारा महिन्यांतले सर्वांत मोठे टी-मूल्य नोंदवावे. दहा हजार वेळा हे केल्यावर खऱ्या इतिहासातले सर्वांत मोठे टी-मूल्य या गर्दीत कुठे बसते ते पाहावे.

```python
import numpy as np

# R = मासिक परताव्यांचा तक्ता, तो आधी भरून घ्यावा
def max_t(R):            # ओळ = वर्ष, स्तंभ = महिना
    d = R - R.mean(axis=1, keepdims=True)
    se = d.std(axis=0, ddof=1) / np.sqrt(len(d))
    return np.max(np.abs(d.mean(axis=0) / se))

rng = np.random.default_rng(1)
fake = np.array([max_t(rng.permuted(R, axis=1)) for _ in range(10000)])
p = np.mean(fake >= max_t(R))
```

यात बारा महिन्यांतून निवड केल्याचा हिशेब आपोआप होतो, आणि परतावे घंटाकार वितरणाचे आहेत असे गृहीत धरावे लागत नाही. सोन्याच्या बाबतीत ही सवलत महत्त्वाची आहे, कारण त्याच्या मासिक परताव्यांत 1980 च्या जानेवारीसारखी टोके असतात. पूर्ण वर्षेच घ्यावीत. अर्धवट वर्ष ठेवले तर कार्यक्रम चालणार नाही किंवा रिकाम्या जागा पिसल्या जातील.

नमुना मोठा केला तर प्रश्न सुटेल का?

इथे खरी अडचण आहे. सोन्याच्या मासिक परताव्याचे प्रमाण विचलन साधारण पाच टक्के धरू. एका महिन्यात अर्ध्या टक्क्याचा जादा परतावा खरोखर असेल, आणि ही काही लहान रक्कम नव्हे, तरी तो टी-मूल्य 2 ने ओळखण्यासाठी लागणारी वर्षे म्हणजे (2 × 5 ÷ 0.5) चा वर्ग, अर्थात 400. मुक्त भावाचा इतिहास जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांचा आहे. रोजचे भाव घेतले म्हणून उपयोग होत नाही, कारण वर्षात सप्टेंबर एकदाच येतो आणि त्याच्या सरासरीची अचूकता सप्टेंबरांच्या संख्येवरच ठरते.

याचा उलटा अर्थही ध्यानात घ्यावा. तीस वर्षांच्या नमुन्यात प्रमाण त्रुटी 0.9 टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून चाळणीतून फक्त पावणेदोन-दोन टक्क्यांहून मोठ्या दिसणाऱ्या सरासऱ्याच पार होतात. खरा परिणाम अर्ध्या टक्क्याचा असला तरी छापला जातो तेव्हा तो तिप्पट-चौपट फुगलेलाच असतो. नंतरच्या वर्षांत तो 'कमी झाला' असे वाटते, पण तो तेवढा मोठा कधी नव्हताच.

मागणी खरोखर हंगामी आहे, मग भाव हंगामी का नाही?

दागिन्यांच्या खरेदीचे हंगाम खरेच असतात, याबद्दल वाद नाही. पण सोने साठवायला सोपे असते, नासत नाही, आणि आजवर उत्खनन झालेले जवळपास सगळे सोने कुठल्या ना कुठल्या रूपात शिल्लक आहे. हा साठा दोन लाख टनांहून अधिक आहे, तर खाणींचे वार्षिक उत्पादन साडेतीन हजार टनांच्या थोडे वर आहे. अमुक महिन्यात मागणी वाढणार हे सर्वांना ठाऊक असेल, तर ज्यांच्याकडे सोने आहे ते आधी विकणार नाहीत आणि ज्यांना व्यापार करायचा आहे ते आधीच खरेदी करतील, म्हणून वाढ आधीच्या महिन्यांत पसरते आणि शेवटी साठवणूक व व्याजाच्या खर्चाएवढाच फरक उरतो. नैसर्गिक वायूसारख्या साठवायला महाग असलेल्या वस्तूत हे घडत नाही, म्हणून तिथे हिवाळ्याचा भाव खरोखर वेगळा राहू शकतो.

शिवाय दिवाळी किंवा चिनी नववर्ष हे सण इंग्रजी महिन्यांना बांधलेले नाहीत. चिनी नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी यांच्या दरम्यान कधीही येते. सण हेच कारण मानायचे असेल, तर मोजणी सणापासूनच्या दिवसांनी करायला हवी, आणि तशी ती क्वचितच केलेली दिसते.

संकेतस्थळांवर दिसणारी गुळगुळीत हंगामी रेषा कशी वाचावी?

ती रेषा अनेक वर्षांच्या सरासरी चालीची असते आणि तिच्यात विखुरणी दिसत नाही. प्रत्येक महिन्याभोवती अधिक-उणे दोन प्रमाण त्रुटींचा पट्टा काढून पाहावा. तीस वर्षांच्या आकड्यांत तो पट्टा जवळपास पावणेचार टक्के रुंद निघतो आणि बहुतेक सर्व महिन्यांच्या सरासऱ्या त्यातच मावतात. नंतर नमुन्याचे दोन भाग करून दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवाव्यात. 1980 ते 2010 आणि 2011 ते 2025 या दोन रेषा सप्टेंबरपाशी विरुद्ध दिशांना वळतात.

पुढच्या सप्टेंबरबद्दल या आकड्यांवरून काय सांगता येते?

पंधरा वर्षांची सरासरी उणे 1.2 टक्के आणि प्रमाण त्रुटी सुमारे 1.4 टक्के धरली, तर खऱ्या सरासरीचा 95 टक्के विश्वासार्हता-पट्टा अंदाजे उणे 4.3 ते अधिक 1.8 टक्के येतो. एका विशिष्ट सप्टेंबरसाठी तो याहून कितीतरी रुंद होतो, कारण एकट्या महिन्याचे विचलन साडेपाच टक्के आहे: साधारण उणे 13 ते अधिक 11 टक्के.